बागायतदारांसाठी स्प्रिंटचा आठवड्याचा आढावा: मराठीत काय लिहावं, किती लिहावं

प्रश्न: आमची चौघांची टीम देवगडच्या एका आंबा बागायतदारांसाठी ऑर्डर घ्यायचं ॲप बनवते आहे. स्प्रिंट दोन आठवड्यांचा. दर शनिवारी जिरातून रिपोर्ट काढून पाठवतो, पण काका इंग्रजी फारसं वाचत नाहीत. नुसता अंगठा पाठवतात आणि सोमवारी फोन करून सगळं पुन्हा विचारतात. गेल्या वेळी तोच रिपोर्ट मराठीत करून पाठवला, तरी तसंच झालं. काय लिहावं, किती लिहावं?

उत्तर:

भाषा बदललीत, पण मजकूर जिराचाच राहिला, म्हणून फरक पडला नाही. जिरातली यादी कोणाच्या हातात कोणतं काम आहे हे टीमला कळावं म्हणून असते. काकांचा प्रश्न वेगळाच असतो. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदारांनी मला तो सरळ विचारला होता: "माका इतक्याच सांग, चतुर्थीक बिलां ह्याच्यार निघतली काय?" त्यांना एक तारीख डोळ्यासमोर होती, आणि त्या तारखेला काउंटरवरच्या माणसाला काय करता येईल एवढंच हवं होतं. तुमच्या काकांची तारीख पाडवा असेल, नाहीतर अक्षय्य तृतीया. आंब्याच्या धंद्यात ती पुढे ढकलता येत नाही, कारण फळ तुमच्या स्प्रिंटसाठी थांबत नाही आणि जूनच्या पावसाबरोबर हंगाम संपतो. आढावा त्या तारखेपासून मागे मोजत लिहायचा.

एक आठवडा घेऊन दाखवतो. समजा शनिवारी तुमच्या बोर्डवर हे दिसतंय:

```
MNG-112  Order form validation        Done
MNG-118  Payment gateway integration  In Review
MNG-121  OTP login via SMS            Blocked
MNG-125  Stock sync bug               In Progress
MNG-130  Refactor order module        Done
```

पाचपैकी दोन पूर्ण. एवढ्यावरून काकांना काहीच ठरवता येत नाही. आता एकेक ओळ उचलायची आणि विचारायचं: यामुळे काकांच्या कोणत्या माणसाला आज काय करता येतं, किंवा काय करता येत नाही? ज्या ओळीचं उत्तर मिळत नाही, तिला आढाव्यात फार तर एक वाक्य द्यायचं.

११२ सोपी आहे. गिऱ्हाईक अपुरा पत्ता किंवा नऊ आकडी मोबाइल नंबर टाकत असेल, तर ॲप आता ऑर्डर पुढे जाऊ देत नाही. काकांच्या घरी पत्ते लिहून घेणाऱ्या काकूंच्या कामाचं हे आहे, म्हणून त्यांचं नाव घेऊन लिहायचं: काकूंना आता अर्धवट पत्त्यासाठी गिऱ्हाईकाला उलटा फोन करावा लागणार नाही.

१२५ वर मात्र थांबायला हवं. बोर्डवर ते नुसतं 'बग' आहे. खरी गोष्ट अशी, की शेवटची पेटी दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी घेतली, तर ॲप दोघांनाही 'ऑर्डर पक्की' असा मेसेज पाठवतं. शिल्लक आहे का हे पाहणं आणि शिल्लक कमी करणं ही दोन कामं एकापाठोपाठ होतात, आणि त्या मधल्या क्षणात दुसरा माणूस घुसतो. हे तांत्रिक कारण काकांना सांगायची गरज नाही. पेटी एक आणि पैसे दोघांचे, हे कळलं की पुढचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ते लगेच विचारतील, मग तोवर काय करायचं? म्हणून तात्पुरता उपाय आढाव्यातच मांडा: दुरुस्ती होईपर्यंत ॲपवर खऱ्या मालापेक्षा दहा पेट्या कमी दाखवू, चालेल का? दहा कमी दाखवायच्या की पंधरा, हा निर्णय त्यांचा. वाशीला किती पाठवायच्या आणि ॲपवर किती ठेवायच्या हे तेच ठरवतात. 'बग आहे, काम चालू आहे' एवढंच लिहिलं असतं, तर हा निर्णय टीमनेच गुपचूप घेतला असता.

१३० हे बाहेरून न दिसणारं काम. अशी कामं आढाव्यातून गाळू नका, कारण त्यात दोन माणसांचे तीन दिवस गेलेत आणि बिलात ते येणार आहेत. पण फुगवूनही लिहू नका. पडद्यावर काही वेगळं दिसणार नाही हे आधी सांगा, मग ते न करता पुढे गेलो असतो तर काय झालं असतं ते एका वाक्यात सांगा. इथे ते असं होतं: चार डझन, पाच डझन, सहा डझन अशा पेट्यांचे भाव रोज बदलतात आणि जुन्या रचनेत प्रत्येक बदलासाठी टीमला हात घालावा लागत होता. आता भाव बदलायचा पडदा बनवणं सोपं होईल.

आता १२१, जे अडकलंय. आढावा लिहिणाऱ्याची कसोटी इथे लागते. 'ओटीपीचं काम अडकलं आहे' असं वाचून काकांना वाटतं, टीम प्रयत्न करतेय, होईल. प्रत्यक्षात गाडं त्यांच्याच दाराशी थांबलेलं असतं. धंद्याच्या नावाने एसएमएस पाठवायचा, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार तो धंदा मोबाइल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर नोंदवावा लागतो. नोंदणी धंद्याच्या मालकाच्या नावाने होते, टीमच्या नाही. पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि मालकाने सही-शिक्का करून दिलेलं अधिकारपत्र लागतं. ते झालं की मेसेज ज्या नावाने जाणार ते नाव मंजूर करून घ्यायचं, आणि त्यानंतर मेसेजचा मजकूर. मंजूर मजकुरात फक्त बदलत्या जागा मोकळ्या असतात. बाकीचा एक शब्द जरी वेगळा गेला तरी मोबाइल कंपनी मेसेज अडवते आणि गिऱ्हाईक ओटीपीची वाट बघत बसतं. कागदांवरची नावंही जुळायला हवीत. कोकणात पुष्कळ ठिकाणी बाग वडिलांच्या नावावर, जीएसटी मुलाच्या नावावर आणि लेटरहेडवर तिसरंच नाव असतं, आणि त्यावर अर्ज परत येतो.

हे सगळं काकांना सांगायचं नाही. त्यांच्याकडून कोणते कागद, कोणत्या नावाने, कोणत्या वारापर्यंत, एवढंच. पण वार कुठून आला हे तुमचं तुम्हाला मोजता आलं पाहिजे. सोमवार ९ मार्चला ऑर्डरी सुरू करायच्या, म्हणजे १९ तारखेच्या पाडव्याला पहिल्या पेट्या घरोघरी पोचतील. खऱ्या फोनवर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर ओटीपी तपासायला शनिवार-रविवार हवा. म्हणजे मजकूर शुक्रवार ६ तारखेपर्यंत मंजूर हवा. मंजुरी आपल्या हातात नाही, म्हणून तिच्यासाठी निदान तीन दिवस सोडायचे. म्हणजे कागद मंगळवार ३ मार्चला हातात यायला हवेत. ही मोजणी केली, की 'लवकरात लवकर पाठवा' असं लिहिण्याची वेळच येत नाही. आणि कागद मंगळवारी आले नाहीत, तर बुधवारी सकाळी काय बोलायचं हेही ठरलेलं असतं.

आता शनिवारचा मेसेज पूर्ण लिहून दाखवतो.

"काका नमस्कार. शनिवार, २८ फेब्रुवारी.

९ मार्चला ऑर्डरी सुरू होतील का? होतील, पण ओटीपीचे कागद मंगळवारी मिळाले तरच. नाहीतर तारीख पुढे जाईल.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात.
१. मंगळवार ३ मार्चपर्यंत: पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि सही-शिक्क्याचं अधिकारपत्र. पत्राचा मजकूर पुतण्याकडे दिलाय. तिन्हींवर नाव एकच हवं.
२. सोमवारी फोनवर सांगा: ॲपवर दहा पेट्या कमी दाखवायच्या का? कारण खाली लिहिलंय.

या आठवड्यात झालेलं: अर्धवट पत्त्याची किंवा चुकीच्या नंबरची ऑर्डर ॲप आता घेत नाही. काकूंचे उलटे फोन वाचतील. पेट्यांच्या भावाचा भाग आतून नीट केला. पडद्यावर फरक दिसणार नाही, पण पुढे भाव तुम्हाला स्वतः बदलता येतील.

अजून न झालेलं: गिऱ्हाइकाने पैसे भरायचा भाग लिहून झालाय, तपासणी चालू आहे. आत्ता ॲपवर जे पैसे जमा झालेले दिसतात ते चाचणीचे आहेत, खरे नाहीत. खात्यात काही येणार नाही.

एक अडचण: शेवटची पेटी दोघांनी एकाच वेळी घेतली तर दोघांनाही ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज जातो. गुरुवारपर्यंत दुरुस्त करतो. ९ तारखेपर्यंत ते जमलं नाही, तर ते होईपर्यंत दहा पेट्या राखून ठेवू, म्हणजे कोणाला नाही म्हणायची वेळ येणार नाही.

पुढच्या आठवड्यात: ही दुरुस्ती, खरे पैसे चालू करणं आणि शनिवार-रविवारी ओटीपीची तपासणी."

मेसेज एवढाच. याहून लांब करू नका. आणि क्रम बदलू नका. व्हॉट्सॲप लांब मेसेज मध्येच दुमडतं आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. बागेत उभा असलेला माणूस ते लावतोच असं नाही. म्हणून तारीख होणार की नाही आणि त्यांनी काय द्यायचं, हे दुमडीच्या वर यायला हवं. पीडीएफ किंवा लिंक पाठवू नका. बागेत रेंज तुटक असते, फाइल उघडत नाही, आणि उघडली तरी बारीक अक्षर वाचायला चष्मा शोधावा लागतो. साधा मेसेज लगेच वाचता येतो.

पैशांबद्दलचं ते एक वाक्य मी दर आठवड्याला लिहायला लावतो, खरे पैसे सुरू होईपर्यंत. चाचणीच्या पेमेंटचा पडदा खऱ्यासारखाच दिसतो. हिरवी खूण, रक्कम, सगळं. त्याचा स्क्रीनशॉट कोणी घरच्या ग्रुपवर टाकला, की पहिली ऑर्डर आली असा समज होतो आणि दुसऱ्या दिवशी बँकेत चौकशी सुरू होते. खरे पैसे सुरू झाल्यावरही पहिल्याच आढाव्यात लिहा, की गिऱ्हाइकाने भरलेले पैसे खात्यात त्याच दिवशी येत नाहीत, गेटवे साधारण दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी जमा करतं, त्यात आपलं शुल्क कापून. रोखीत व्यवहार करणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलेलं बरं. मजूर आणि पॅकिंगचा खर्च त्याला त्याच दिवशी द्यायचा असतो.

टक्के लिहू नका. 'पेमेंटचं काम ८० टक्के झालं' हे वाचून काका हिशोब करतात, की आठ दिवसांत ८० झालं म्हणजे उरलेलं दोन दिवसांत. उरलेल्या कामात बहुधा दुसऱ्या कोणाच्या मंजुरीची वाट असते, तिला आपला वेग लागू होत नाही. स्क्रमच्या नियमातही अर्धवट कामाला जागा नाही. ठरलेल्या कसोटीला न उतरलेलं काम स्प्रिंटच्या शेवटी दाखवायचंसुद्धा नाही, ते परत यादीत जातं. मराठी आढाव्यात तीच शिस्त साध्या भाषेत आणा: तुमच्या माणसाने आज फोन उघडून करून पाहिलं आणि झालं, तरच ते 'झालेलं' या भागात. लिहून झालंय, तपासायचंय, चाचणीत चालतंय, हे सगळं 'अजून न झालेलं' या भागात. स्टोरी पॉइंट आणि बर्नडाउन तर टीमच्या खोलीतच राहू द्या.

शब्दांची फार काळजी करू नका. ऑर्डर, पेमेंट, ओटीपी, स्टॉक, बिल हे शब्द काका दिवसभर बोलतात, फक्त ते देवनागरीत लिहा. घोटाळा होतो तो कर्ता गाळलेल्या वाक्यांनी: 'तपासणी करण्यात येत आहे', 'कागदपत्रांची प्रतीक्षा आहे'. कोण तपासतंय? कोणाचे कागद? सरकारी पत्रासारखं वाक्य झालं की जबाबदारी हवेत राहते. प्रत्येक वाक्यात माणूस ठेवा: आम्ही, तुम्ही, काकू, पुतण्या, गिऱ्हाईक. तारखेबरोबर वारही लिहा, कारण मजुरीचा आणि गाडीचा हिशोब वारावर चालतो.

तारीख धोक्यात आली, तर ती शनिवारपर्यंत दाबून ठेवायची नाही. कागद मंगळवारी आले नाहीत तर बुधवारी सकाळी फोन करा, आणि फोनवर पर्याय घेऊन जा. इथे एक पर्याय आहे: ओटीपीशिवाय सुरू करायचं. गिऱ्हाईक नाव, नंबर आणि पत्ता देईल, पैसे भरल्यावरच ऑर्डर पक्की होईल, आणि नंबर खरा आहे का हे काकू पेटी पाठवण्याआधी एक फोन करून पाहतील. दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर हे जमतं. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात संख्या वाढली की जमणार नाही. दोन्ही गोष्टी सांगा, म्हणजे काका ठरवतील. फोन झाल्यावर जे ठरलं ते दोन ओळींत त्याच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा.

वाढीव मागण्यांचंही असंच. आठवड्याच्या मध्ये काका म्हणतील, "आमरसाचे डबे आणि साटंही ॲपवर टाका." मागणी रास्त असते. आंबा संपल्यावर तेच विकायचं असतं. पण हो म्हणून ते शांतपणे स्प्रिंटमध्ये घुसवलंत, तर पाडव्याचं काम मागे पडतं आणि ते का पडलं याचा कुठेही मागमूस राहत नाही. आढाव्यात एक ओळ वाढवा: "आमरसाचे डबे आणि साटं ॲपवर घ्यायचं तुम्ही बुधवारी सांगितलंत. त्याला चार दिवस लागतील. आत्ता घेतलं तर भाव बदलायचा पडदा पाडव्यानंतर जाईल. माझं मत, आमरस एप्रिलमध्ये घेऊ. तुम्ही सांगा." स्वतःचं मत जरूर लिहा. तुम्ही ॲप ओळखता, ते बाजार ओळखतात, आणि त्यांना तुमचं मत हवं असतं. सगळे पर्याय सारख्या वजनाने मांडून गप्प बसलात, तर निर्णय लांबतो.

मेसेज पाठवण्याची वेळ त्यांच्या दिवसावरून ठरवा. हंगामात सकाळ बागेत जाते, दुपारनंतर आढी आणि पॅकिंग, संध्याकाळी गाडी भरायची. जेवणानंतरचा अर्धा तास बरा. ज्यांना वाचायचाच कंटाळा आहे त्यांच्यासाठी हाच मजकूर आवाजात रेकॉर्ड करून सोबत पाठवा, पण लिहिलेला मेसेज वगळू नका. महिन्याने 'तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात' हे शोधायचं झालं तर आवाजात सापडत नाही.

पाठवण्याआधी मेसेज पॅकिंगच्या शेडमधल्या एखाद्याला, नाहीतर स्वतःच्या आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, काकांनी आता काय करायचंय? कागद द्यायचेत आणि दहा पेट्यांचं सांगायचंय, असं उत्तर आलं तर पाठवा. 'ॲपचं काम चाललंय' असं उत्तर आलं तर पहिल्या दोन परिच्छेदांवर पुन्हा बसा. आणि पाठवल्यावर खूण उत्तरातच असते. नुसता अंगठा आला, तर तो वाचलं नाही असंच धरा आणि रविवारी फोन करा. "पत्रावर सही केली, पण शिक्का कणकवलीत आहे, बुधवारी मिळेल" असं उत्तर आलं, तर मेसेज पोचलाय. मग त्या बुधवारचं गणित लगेच मांडा. शिक्का एक दिवस उशिरा म्हणजे मंजुरीसाठी दोनच दिवस उरतात, आणि ओटीपीशिवाय सुरू करायचा तो पर्याय काकांशी त्याच फोनवर बोलून ठेवायला हवा.